स्कूटरची सर्व्हिस आणि अ‍ॅव्हरेज नोंदवायला कोणतं अ‍ॅप? (फुकटातलं)

घोडबंदरकर: १२५ सीसी स्कूटर, कासारवडवली ते ऐरोली, रोज ये-जा साधारण ४० किमी. ऑइल बदलायचं दरवेळी राहून जातं. आठवण करून देणारं अ‍ॅप सुचवा. पैसे भरणार नाही. गाडी कधीकधी बायकोही नेते.

पाटीलकाका: अ‍ॅप कशाला? मी इलेक्ट्रिक घेतली. ऑइलची कटकटच नाही. सव्वा लाखात उत्तम गाडी मिळते.

ऐरोली_रायडर: काका, तो अ‍ॅप विचारतोय. फ्युएलिओ घे, फुकट आहे. मी वापरतो, १८७ चं अ‍ॅव्हरेज दाखवलं होतं 😄 सगळी अ‍ॅपं भंकस. त्यात इथेनॉलने अ‍ॅव्हरेज पडलंय ते वेगळंच.

स्पॅनर: १८७ अ‍ॅपने नाही, तू काढलंस. समज, १८,२४० ला टाकी फुल केलीस. मग दोनदा दोनशेचं टाकलंस, दरवेळी १.९ लिटर, आणि ते लिहिलंच नाहीस. १८,४६५ ला परत फुल केलीस, तेव्हा १.२ लिटर बसलं. २२५ किमीला १.२ ने भागलं की १८७ येणारच. तिन्ही मिळून ५ लिटर धर, ४५ येतं. अर्धवट भरलेलंही लिहायचं, फक्त 'टाकी फुल'ची खूण काढून. फुल ते फुल हाच हिशोब. तोही शक्यतो एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं.

ऐरोली_रायडर: आमच्या पंपावर नोझल कधी आपोआप बंद होतच नाही.

मेधा_कु: मी ड्रिव्हो वापरते, जाहिराती फार. आठवण मात्र येते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांचं अ‍ॅप असेल तर सांगा.

स्पॅनर: आठवणीची खरी गोम वेगळी आहे. तुम्ही शेवटचं रीडिंग लिहिलंत तेवढंच अ‍ॅपला कळतं. १८,४६५ वर सोडून दिलंत, तर २१,००० चं ऑइल टळून गेलं तरी ते गप्प. म्हणून किमीसोबत तारीखही लावा. रोज ४० म्हणजे महिन्याला ९०० च्या आसपास. ३,००० ला ऑइल बदलायचं असेल, तर तीन महिन्यांची तारीख टाका. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, काहींना ६,००० असतो. गियर ऑइलची नोंद वेगळी ठेवा, मेकॅनिक ते हमखास विसरतो.

पाटीलकाका: इलेक्ट्रिकला यातलं काहीच नाही.

मेधा_कु: तेच म्हणतेय मी, अ‍ॅपला आपणच सांगावं लागतं.

घोडबंदरकर: स्पॅनर, फार आभार. पण बायको पेट्रोल भरून नोंद करेल हे शक्य नाही, विचारून झालं. अ‍ॅव्हरेजचा नाद सोडला. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी 'ऑइल, गियर ऑइल' लावलंय.

स्पॅनर: नोंद चुकल्याची खूण करायची सोय असते अ‍ॅपमध्ये.

घोडबंदरकर: असू दे. बायकोच्या कॅलेंडरमध्येही टाकलंय.

ऐरोली_रायडर: ते ४५ खड्ड्यांतून की पाम बीचवर?