मदत हवी आहे: नवा गेम दोनपैकी एकाच संगणकावर बंद पडतो, बीटा, स्टुडिओ की गेम रेडी ड्रायव्हर?

निळीशाई:
नमस्कार. घरी दोन संगणक आहेत, एक माझा आणि एक धाकट्या भावाचा. दोन्हींत ग्राफिक्सची चिप एकाच मॉडेलची आहे, मात्र कार्ड बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत. गेल्या आठवड्यात आलेला गेम आणि त्यासोबत आलेला गेम रेडी ड्रायव्हर दोन्हीकडे आहे. भावाच्या संगणकावर गेम सुरळीत चालतो. माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत पडदा गोठतो, क्षणभर काळा होतो आणि DXGI_ERROR_DEVICE_HUNG असा संदेश येऊन गेम बंद होतो. माझ्या संगणकावर व्हिडिओ संकलनाचे कामही चालते, म्हणून स्टुडिओ ड्रायव्हर घ्यावा, की नुकताच आलेला बीटा हॉटफिक्स वापरून पाहावा, याचा निर्णय होत नाही.

रानवारा:
स्टुडिओ घ्या. तो अधिक तपासलेला असल्यामुळे नेहमीच जास्त स्थिर असतो. मलाही असाच त्रास होता आणि स्टुडिओ टाकल्यावर थांबला.

केवडा_७:
माझ्या लॅपटॉपवर एएमडीचे ‘ऑप्शनल’ आणि ‘रेकमेंडेड’ असे दोन ड्रायव्हर दिसतात. त्यांतला बीटा कोणता समजावा?

जुनाजाणता:
केवडाताई, आपला प्रश्न वेगळा आहे. कृपया त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे उत्तर देईन.

रानवारा यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एनव्हीडियाच्या गेम रेडी आणि स्टुडिओ ड्रायव्हरच्या आवृत्तीचा क्रमांक एकच असेल, तर व्यवहारात तो एकच ड्रायव्हर असतो. स्टुडिओची तपासणी संकलनाच्या आणि त्रिमित कामाच्या सॉफ्टवेअरवर अधिक होते आणि तो कमी वेळा प्रसिद्ध होतो. त्यामुळे नव्या गेमच्या आठवड्यात स्टुडिओ घेणे म्हणजे बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीवर परत जाणे, आणि त्या आवृत्तीत या गेमसाठी केलेल्या दुरुस्त्या नसतात. हॉटफिक्स हा शेवटच्या गेम रेडीवरच मोजक्या दुरुस्त्या चढवून, कमी तपासणीनंतर दिलेला असतो. त्याच्या टिपणात आपल्या गेमचे किंवा नेमक्या याच लक्षणाचे नाव असेल तरच तो घ्यावा. नसेल तर थोड्याच दिवसांत त्या दुरुस्त्या पुढच्या नियमित आवृत्तीत येतात.

पण मला मुळात शंका ड्रायव्हरची वाटत नाही, कारण तोच ड्रायव्हर आणि तोच गेम भावाकडे चालतो आहे. गेम बंद पडला त्या मिनिटाची इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टिम’ नोंद पाहून इथे द्यावी.

निळीशाई:
तीन वेळा गेम बंद पडला आणि तिन्ही वेळा ४१०१ क्रमांकाखाली हीच नोंद आहे:

```
Display driver nvlddmkm stopped responding and has successfully recovered.
```

जुनाजाणता:
विंडोज कार्डाच्या प्रतिसादाची मुळात दोन सेकंद वाट पाहते आणि तो आला नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करते; आपला पडदा काळा होतो तो याच क्षणी. नोंदीत ड्रायव्हरचे नाव आहे म्हणून दोष त्याचाच, असे मात्र ठरत नाही. कार्डाने चुकीचे गणित केले किंवा त्याला वीज कमी पडली, तरी हीच नोंद होते.

आपले कार्ड कंपनीनेच वाढीव वेगावर लावून विकलेले आहे का? तसे असल्यास एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या Help मेनूतील Debug Mode निवडावा. त्याने कार्ड चिपच्या मूळ वेगावर येते. ड्रायव्हरला हात न लावता तेवढा एकच बदल करून खेळून पाहावे.

रानवारा:
मग माझा त्रास स्टुडिओने कसा थांबला?

जुनाजाणता:
आपण तो टाकताना जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाकला होता का? काढला असेल, तर गुण त्या साफसफाईचाही असू शकतो. आता ते सांगता येणार नाही.

रानवारा:
हो, सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून काढला होता. तरी घरी संकलनाचे काम असेल तर मी स्टुडिओच सुचवीन.

निळीशाई:
कार्डाच्या खोक्यावर ‘ओसी’ असे छापलेले आहे. Debug Mode लावून काल रात्री सलग अडीच तास खेळलो, एकदाही गोठले नाही. तो काढल्यावर अठराव्या मिनिटाला गेम बंद पडला. हॉटफिक्सच्या टिपणात माझ्या गेमचे नाव नाही, म्हणून गेम रेडीच ठेवला आहे. संकलनही त्यावर नीट चालते. आता हा वेग कायमचा कमी करावा का?

जुनाजाणता:
तूर्त आफ्टरबर्नरमध्ये कोअरचा वेग ५० मेगाहर्ट्झने उतरवून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर आणखी थोडा उतरवावा. मात्र कार्ड दोषी आहे असे एवढ्यावरून मी म्हणणार नाही. वेग उतरला की विजेची ओढही उतरते, त्यामुळे पॉवर सप्लायचा संशय अजून मिटलेला नाही. कार्डाच्या दोन्ही जोडण्या एकाच वायरच्या फाट्यांवरून घेतल्या असतील, तर त्या दोन स्वतंत्र वायरींवर घ्याव्यात आणि मग पूर्ण वेगावर पुन्हा खेळून पाहावे. तरीही गेम बंद पडला तर वॉरंटी संपण्याआधी कार्ड बदलून मागावे.

निळीशाई:
आताच झाकण उघडून पाहिले. एकाच वायरचे दोन फाटे लावलेले आहेत. सप्लायसोबत आलेली दुसरी वायर गावी राहिली आहे. ती रविवारी मिळाली की पूर्ण वेगावर खेळून जे होईल ते इथे लिहितो.