"स्लॅप्ड चीक"ला मराठीत काय म्हणायचं? थप्पड, वळ, गांधी की पुरळ

खारघरची_आई
एक शब्द हवाय, जरा घाईत हवाय. लेक साडेपाच वर्षांची. मंगळवारी सकाळी उठली तर दोन्ही गाल लालभडक आणि हाताला गरम. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या पूलमध्ये तासभर होती म्हणून मला वाटलं ऊन लागलं, कोरफड लावली. सासूबाईंनी वेगळाच अर्थ काढला, "एवढ्या जोरात मारायचं का गं लेकराला" म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. शुक्रवारी दोन्ही दंडांवर जाळीसारखं काहीतरी उमटलं, मग डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर इंग्रजीत स्लॅप्ड चीक लिहून दिलं आणि घाबरू नका म्हणाले. आता पाळणाघरातल्या काकूंना मराठीत मेसेज टाकायचाय. "थप्पड गाल" लिहिलं तर बाकीच्या आया वाचून म्हणणार पाळणाघरात पोरांना मारतात! आणि तिथल्या मदतनीस ताई चार महिन्यांच्या गरोदर आहेत, त्यामुळे नीट कळेल असंच लिहायला हवं.

ऐरोलीकर
आहे की शब्द, गालगुंड. गालाचा साथीचा आजार म्हणजे गालगुंड, कशाला नवीन शोधताय.

शब्दांची_गोधडी
नाही हो दादा, गालगुंड म्हणजे मम्प्स. त्यात कानाखाली जबड्याशी सूज येते, गाल लाल होत नाहीत, दोन्ही व्हायरसचे म्हणून एक धरू नका. असा मेसेज गेला तर सगळी पाळणाघरातली मंडळी पोरांचे गळे चाचपत बसतील.
माझा आक्षेप मुळात थप्पडलाच आहे. मारल्यावर गालावर काय उठतं, तर वळ. वळ म्हणजे बोटांचे पट्टे, मधे मोकळी जागा. ह्या पोरीच्या गालावर पट्टे होते का? नसणार. अख्खा गाल एकसारखा रंगलेला असणार, रंगपंचमीला कुणी दोन्ही गालांना गुलाल फासावा तसा. मी तरी "लालगाल" म्हणेन.

खारघरची_आई
अगदी गुलालच! पट्टे अजिबात नव्हते.

नौपाड्याचा_बालडॉक्टर
गोधडीताईंचा गुलाल मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. पण शब्द ठरवण्याआधी पुरळ, गांधी आणि ऊन लागणं हे तीन वेगळे ठेवूया, आया इथेच फसतात आणि फोनवर "रॅश आलाय" एवढंच सांगतात, त्यातून मला काही कळत नाही.
ऊन लागलं तर सगळ्यात आधी नाक, कपाळ आणि कानाच्या वरच्या कडा भाजतात, कारण त्या पुढे असतात. हात लावला की पोर ओरडतं, आणि कपड्याची रेघ स्पष्ट दिसते, पट्ट्याखाली जसंच्या तसं. ह्या आजारात उलट. गाल लाल, पण नाक आणि कपाळ बरेचदा सुटलेलं आणि तोंडाभोवती फिकट कडं. मीराताई म्हणा की जे नाव असेल ते, नाक लाल होतं का?
गांधी म्हणजे पित्त उठतं ते. त्याला खाज सुटते, फुगवटा असतो आणि सकाळी मांडीवर असलेली गांधी संध्याकाळी पाठीवर गेलेली असते. एक गांधी एका जागी चोवीस तास सहसा टिकत नाही. गाल मात्र दिवसभर तसाच लाल राहतो आणि चार-पाच दिवसांनी हळूहळू उतरतो. पापण्या, ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर शब्दचर्चा सोडा, लगेच दवाखाना गाठा.
आणि एक, मुलगी गोरी असेल म्हणून लालभडक दिसलं. सावळ्या पोरांच्या गालावर ही लाली नुसती झाकोळल्यासारखी दिसते, आई-बापाच्या लक्षातही येत नाही. तिथे हातावरच्या जाळीवरूनच ओळखायचं.

खारघरची_आई
मीरा नाही हो, पण चालेल :) नाक बिलकूल लाल नव्हतं, आणि ती दुखतंय म्हणालीच नाही. आता आठवतंय, त्याच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस बारीक ताप आणि नाक गळत होतं, मी एसीवर ढकललं.

नौपाड्याचा_बालडॉक्टर
तेच. पसरवण्याचे दिवस तेच होते. गाल लाल झाले की सहसा संसर्ग संपलेला असतो, म्हणजे आता तिला घरी डांबून कुणाचा फायदा नाही.

मोतीचा_बाबा
थांबा थांबा, हा पार्व्हो व्हायरसच ना? आमच्या मोतीला पिल्लू असताना झाला होता, रक्ताचे जुलाब, सलाईन, मरता मरता वाचला. मुलीला कुत्र्याकडून लागला का? मोतीची लस तर दिलीय.

नौपाड्याचा_बालडॉक्टर
नाही काका. आडनाव एक, घर वेगळं. मोतीचा पार्व्हो माणसाला होत नाही आणि ह्या मुलीचा पार्व्हो, म्हणजे बी-19, मोतीला होत नाही. 1975 साली यव्होन कॉसार्ट यांना हा सापडला, त्या खरं तर रक्तात हिपॅटायटिस बी शोधत होत्या, बी पॅनलमधला 19 नंबरचा नमुना, म्हणून हे नाव. माणसाच्या बी-19 ला लस नाहीये.

वाशीची_विदुला
माझंच सांगते. पाच वर्षांपूर्वी मुलाचे गाल लाल झाले, घामोळं म्हणून पावडर लावली. दोन आठवड्यांनी माझी बोटं इतकी आखडली की सकाळी पोळीचा गोळा मळता येईना, अंगठी निघेना, गुडघेही धरले. सगळे म्हणाले चिकनगुनिया, टेस्ट निगेटिव्ह. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी मुलाचे गाल विचारले तेव्हा उलगडलं. माझ्या अंगावर एक पुरळ नाही, नुसते सांधे. तीनेक आठवड्यांत गेलं. ह्याला कुठला शब्द बसवणार, लालगाल? माझे गाल तर पांढरेफटक होते.

शब्दांची_गोधडी
हे खरंच अडचणीचं आहे विदुला. मग "पाचवा आजार" म्हणूया का, इंग्रजीतही फिफ्थ डिसीज म्हणतात, पुरळ येणाऱ्या आजारांची जुनी यादी होती, गोवर पहिला आणि हा पाचवा.

ऐरोलीकर
पाचवा?? आमच्या आईला वाटेल पाचवीची पूजा राहिली. आणि चौथा कुठाय?

शब्दांची_गोधडी
चौथा नंतर वेगळा आजार म्हणून मानेनासे झाले. रिकामी खुर्ची. पूजेचं मात्र बरोबर बोललात, हा शब्द चालणार नाही.

खारघरची_आई
डॉक्टर, मदतनीस ताईंचं काय लिहू?

नौपाड्याचा_बालडॉक्टर
त्यांना आजच सांगा, शब्द मिळेपर्यंत थांबू नका. बऱ्याच बायकांना लहानपणी होऊन गेलेला असतो, त्यांना काळजी नाही. पण नसेल झालेला आणि विसाव्या आठवड्याच्या आत लागण झाली, तर क्वचित बाळाचं रक्त कमी होऊन त्याच्या अंगात पाणी साठतं. त्यांनी त्यांच्या गायनॅकला संपर्क कधी आला ते सांगायचं, रक्ताच्या तपासणीत आधी झालाय की आता, ते कळतं. बहुतेक वेळा सगळं ठीक निघतं, पण तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही.
आणि पाळणाघरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचं मूल असेल तर त्याच्या आईला वेगळा फोन करा. त्या मुलांमध्ये गाल लाल होण्याची वाट बघायची नाही, एकदम निस्तेज पडलं, धापा टाकायला लागलं तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन. शरीर काही दिवस नवीन रक्त बनवणं थांबवतं, ज्यांचं रक्त आधीच लवकर संपतं त्यांना ते झेपत नाही.

खारघरची_आई
टाकला मेसेज. "लालगाल, व्हायरसचा, मारल्याचा नाही, हातावर जाळीसारखं पुरळ येतं" असं. गरोदर ताईंना फोनच केला, त्या उद्या जाताहेत.
पण आज आंघोळीनंतर दंडावरची जाळी परत ठळक झालीय, काल जवळजवळ गेलेली! उलटला का?

नौपाड्याचा_बालडॉक्टर
गरम पाणी, ऊन, पळापळ, ह्यातलं काहीही झालं की पुन्हा उमटते. दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. अँटिबायोटिक मागू नका, मलम नको, खाज असेल तर बोला.

वाशीची_विदुला
जाळी शब्द मला अजूनही पटत नाही, कोळीष्टक आठवतं.

खारघरची_आई
सासूबाई नक्षी म्हणतात. आता रोज आंघोळीनंतर बाही वर करून बघतात, "आली का गं नक्षी?" माझ्याशी बोलायला लागल्यात.