मदत हवी आहे: रिबन केबल खाचेत नीट बसते, तरी प्रोग्रामर चिप ओळखत नाही

संत्राबाग, वरुड तालुका

नमस्कार मंडळी. बागेतील ठिबकाचे दोन व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडावेत म्हणून मी अ‍ॅटमेगा ८ चिपचा एक लहान बोर्ड तयार केला आहे. प्रोग्राम भरण्यासाठी यूएसबीएएसपी आहे आणि बोर्डावर दहा पिनांचा खाच असलेला बॉक्स हेडर लावला आहे. तयार केबल तुटल्यामुळे नागपूरहून दहा तारांची फ्लॅट केबल व आयडीसी कनेक्टर मागवून, दावणाचा बोल्ट सरळ करण्याच्या व्हाइसमध्ये मीच दाबून घेतले. दोन्ही टोके खाचेत कुठेही जोर न लावता बसतात. बोर्डाला दुसरा वीजपुरवठा नाही, तो प्रोग्रामरमधूनच येतो. तरीही एलईडी मंद जळतो आणि पडद्यावर हा संदेश येतो:

```
error: program enable: target doesn't answer. 1
```

खाच असताना केबल उलटी लागूच शकत नाही, अशी माझी समजूत आहे. मग चूक नेमकी कुठे असावी?

वायरमन काका

लाल तार म्हणजे पॉझिटिव्ह. ती बोर्डाच्या पाच व्होल्टच्या बिंदूशी जोडलेली आहे की नाही, ते आधी पाहा.

पाटीवाला, आर्वी

दुकानांच्या एलईडी पाट्यांमध्ये मला हा अनुभव नेहमी येतो. पॅनलच्या मागे सोळा पिनांचे दोन हेडर असतात, एक आत येण्याचा व एक बाहेर जाण्याचा. तेच अदलाबदल झालेले असतील. बाणाची दिशा तपासा.

संत्राबाग

भाऊ, माझ्या बोर्डावर हेडर एकच आहे. काका, आपल्या सांगण्यावरून चिपच्या ७ व ८ क्रमांकाच्या पायांवर, म्हणजे पुरवठा व ग्राउंडवर, मोजले तर फक्त ३.६ व्होल्ट मिळाले.

तांब्याची तार

तो ३.६ चा आकडाच सगळे सांगून जातो. काका, लाल पट्टा म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. तो फक्त १ क्रमांकाची तार दाखवतो, आणि या प्रोग्रामरच्या १ क्रमांकावर मोसी असते, पाच व्होल्ट २ क्रमांकावर असतात.

खाचेमुळे कनेक्टर हेडरमध्ये एकाच दिशेने बसतो, हे बरोबर आहे. परंतु कनेक्टरच्या आत तारा कोणत्या क्रमाने दाबल्या गेल्या आहेत, यावर खाचेचे काहीच नियंत्रण नाही. कनेक्टरच्या एका कोपऱ्यात लहान त्रिकोण कोरलेला असतो. दोन्ही टोकांना लाल पट्टा त्या त्रिकोणाच्याच बाजूला यायला हवा. केबल दोन्हीकडून काढून मल्टिमीटरच्या बीपरने एका टोकाचे १ क्रमांकाचे छिद्र दुसऱ्या टोकाच्या कोणत्या छिद्राशी जुळते, ते सांगा.

संत्राबाग

१ ची तार १० ला, २ ची ९ ला आणि ३ ची ८ ला लागते. त्रिकोण फारच पुसट होता, टॉर्च तिरपा धरल्यावर दिसला. बोर्डाकडील टोकाला तो लाल पट्ट्याच्या विरुद्ध कोपऱ्यात आहे.

तांब्याची तार

बेरीज प्रत्येक वेळी ११ येते, म्हणजे ते टोक अर्धा फेरा फिरवून दाबले गेले आहे. हेडर बोर्डाच्या उलट्या बाजूने लावल्यास १ व २, ३ व ४ अशा शेजारच्या पिनांची अदलाबदल होते, पण तशी चूक बीपरने केबलमध्ये सापडत नाही.

आता ३.६ चे पाहू. प्रोग्रामरचे पाच व्होल्ट बोर्डाच्या ९ क्रमांकावर, म्हणजे चिपच्या मिसो पायावर गेले, आणि आतील संरक्षक डायोडमधून पुरवठ्याच्या रेषेत शिरले. परतीचा मार्गही सरळ नव्हता. बोर्डाचा ग्राउंड दुसऱ्या एका डायोडमधून मोसी, रिसेट किंवा एससीके पायावाटे प्रोग्रामरच्या ग्राउंडला मिळाला. दोन डायोडांचे मिळून साधारण १.४ व्होल्ट वजा झाले. एलईडी मंद का होता, ते यावरून कळेल.

तोच कनेक्टर उघडून परत दाबू नका, त्याचे दात वाकलेले असतात आणि केबलही तिथे चिरलेली असते. टोकाचे दोन सेंटिमीटर कापा आणि नवा कनेक्टर घ्या. दाबण्याआधी त्रिकोण लाल पट्ट्याखाली आणा. व्हाइसच्या जबड्यांत लाकडी पट्ट्या ठेवून सरळ दाब द्या, नाहीतर एका कडेच्या तारा अर्धवट टोचतात.

संत्राबाग

नवा कनेक्टर दाबला. पायांवर ४.९ व्होल्ट आले आणि एलईडी लख्ख जळतो. संदेश मात्र तोच.

तांब्याची तार

चिप कोरी असेल तर ती आतील १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रामरचा वेग कमी करून पाहा:

```
avrdude -c usbasp -p m8 -B 10
```

संत्राबाग

ओळख पटली, पडद्यावर `0x1e9307` आले. एकच शंका उरते. मिसो पायाने दोन दिवस डायोडमधून वीज सोसली आहे. ही चिप बागेतल्या बोर्डात ठेवावी की नवी घालावी?

पाटीवाला, आर्वी

माझ्या पाट्यांत अशा चिपा चालतात. बदलू नका.

तांब्याची तार

पाटी बंद पडली तर दुकानदार फोन करतो, व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला तर विहीर उपसली जाते. मी असतो तर ही चिप टेबलावरच्या प्रयोगांसाठी ठेवली असती.