आयमारा लोकांचा भूतकाळ समोर, मग आपला मागं कसा?

प्रश्न (परभणीकर): आपण मागच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणतो. बोलिव्हिया-पेरूकडं आयमारा बोलणारे लोक भूतकाळ डोळ्यासमोर अन् भविष्य पाठीमागं मानतात म्हणे. ते खरंच आपल्या उलटा विचार करतात, का नुसते शब्द वेगळे? तुमचं मत सांगा.

लातूरचा_मास्तर: एवढं नवल करण्यासारखं काही नाही. चिनीत पण तसंच आहे, गेलेल्या परवाला छ्येन थ्येन म्हणतात म्हणजे समोरचा दिवस, अन् येणाऱ्या परवाला होउ थ्येन, मागचा दिवस. चिनी, आयमारा सगळे एकाच माळेचे, उलटे आपणच.

उदगीरची_कानडी_सून: मास्तर, उदाहरण बरोबर आहे पण निष्कर्ष पटला नाही. त्याच चिनीत पुढच्या भवितव्याला छ्येनथू म्हणतात, समोरचा रस्ता. मग भविष्य समोर झालं की नाही? माझ्या माहेरच्या कन्नडमध्ये पण दोन्ही आहे बघा, मुंदिन वार म्हणजे पुढचा आठवडा अन् मुंचे म्हणजे आधी, दोन्हीत तोच 'मुं' म्हणजे समोरचा. गोंधळ काहीच नाही, कारण हे दोन वेगळे हिशोब आहेत. एकात मी उभी असते अन् माझ्या तोंडासमोरचं ते पुढचं. दुसऱ्यात मी नसतेच, दिवसच एकामागं एक रांगेत चालतात अन् रांगेत पहिला तो समोरचा. दसरा दिवाळीच्या आधी, हे तुम्ही कोणत्याही महिन्यात म्हणा, खरंच राहतं. पण 'पुढचा महिना' दर महिन्याला बदलतो, कारण तो माझ्यापासून मोजलेला असतो. छ्येन थ्येन आजपासूनच मोजतात हे खरं, पण त्यातला 'समोर' या रांगेतून आलाय.

बचतगट_ताई: आमच्या गटात याच्यावरून लई भांडण झालं. बुधवारची बैठक दोन दिवस पुढं घेतली असा मेसेज टाकला, सगळ्या शुक्रवारी आल्या अन् एक ताई सोमवारीच येऊन बसली, म्हणली पुढं घेतली म्हणजे लवकर घेतली ना. आता नियम करू का की तारीखच लिहायची?

उदगीरची_कानडी_सून: तारीखच लिहा ताई, ते बरं. मराठीत तारीख पुढं गेली म्हणलं की उशिराच, पण बँकेच्या रांगेत 'माझ्यापुढं दोघं आहेत' म्हणलं तर ते दोघं आपल्या आधी. तुमच्या ताईनं बहुतेक रांगेचा हिशोब लावला. इंग्रजीत हा प्रश्न मुद्दाम विचारून बघितलाय, बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' केली तर कोणता वार, तर काही जण सोमवार सांगतात अन् काही शुक्रवार.

नांदेड_सडेतोड: म्हणजे सगळं शब्दांचंच झालं की. 'वेळ गेली' म्हणताना वेळेला पाय आहेत असं कोण समजतं? आयमारांचं पण रांगेचंच असंल, उगाच लोकांनी त्यात तत्त्वज्ञान शोधलं.

उदगीरची_कानडी_सून: ही शंका अगदी योग्य आहे, अन् नुसत्या शब्दांवरून ती फिटत नाही. आयमारात नायरा म्हणजे डोळा, समोर अन् गेलेलं, नायरा मारा म्हणजे गेलं वर्ष. ख्हिपा म्हणजे पाठ, मागं. पण हे रांगेचं का स्वतःचं, ते शब्द सांगत नाही. म्हणून नुन्येझ आणि स्वीट्झर या अभ्यासकांनी उत्तर चिलीतल्या आयमारा लोकांशी गप्पा मारताना व्हिडिओ घेतले अन् हात बघितले (2006 ला छापलं). नुसती रांग असती तर स्वतःच्या शरीराचा संबंध यायचं कारण नव्हतं. पण म्हातारी माणसं जुन्या गोष्टी सांगताना हात स्वतःच्या पुढं करायची, अलीकडची गोष्ट जवळ, लई जुनी लांब, अन् पुढच्या काळासाठी हात खांद्यावरून मागं. कारण असं देतात की त्या भाषेत मी डोळ्यानं बघितलं का ऐकलं हे क्रियापदातच सांगावं लागतं. बघितलेलं समोर, न बघितलेलं पाठीमागं. पण स्पॅनिश चांगली येणाऱ्या तरुणांचे हात आपल्यासारखे, भविष्यासाठी पुढं जायचे.

लातूरचा_मास्तर: मग भाषा बदलली की विचार बदलला, सिद्ध झालं.

नांदेड_सडेतोड: नाही हो मास्तर, उलटं उदाहरण देतो. मोरोक्कोतल्या अरबीत भविष्य समोरच आहे, आपल्यासारखं. तरी 2014 च्या एका अभ्यासात त्यांना माणसाचं वरून काढलेलं चित्र दिलं, समोर एक चौकोन, पाठीमागं एक, अन् काल भेटलेल्या मित्राची वस्तू कुठं अन् उद्या भेटणाऱ्याची कुठं ते भरा म्हणलं, तर बहुतेकांनी कालची समोर ठेवली. स्पॅनिश लोकांनी उलटं केलं. अभ्यास करणारे म्हणतात की परंपरेकडं ज्याचं लक्ष जास्त, त्याचा भूतकाळ समोर येतो. मग चिलीतल्या त्या पोरांचं स्पॅनिशमुळं बदललं का जगणं बदलल्यामुळं?

उदगीरची_कानडी_सून: हे दोन्ही वेगळं करणं अवघड आहे, कारण पोरांची भाषा अन् जगणं एकदमच बदलू लालंय. पण कागदावर वस्तू ठेवणं अन् बोलता बोलता हात उचलणं मी एक धरत नाही. हात भाषेसोबत चालतो, चौकोन भरायला माणूस थांबून विचार करतो.

नांदेड_सडेतोड: मला तर थांबून केलेला विचारच खरा वाटतो.