मुलाखतीतली विखुरलेली उत्तरं जोडावीत का? मदत हवी आहे

नमस्कार. फोंड्यातल्या एका ज्येष्ठ पेटीवादकांची मुलाखत दिवाळी अंकासाठी प्रश्नोत्तर रूपात लिहितेय. ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवलं, ‘म्हणजे’, ‘काय ते’ गाळलं, एकाच विषयाचे तुकडे एका प्रश्नाखाली आणले. मधली कोंकणी वाक्यं मात्र तशीच ठेवलीत, बोलण्याची लय त्यांच्यातच आहे.

अडलंय एका जागी. सुरुवातीला ते म्हणतात, “वडिलांनी शिकवलं.” शेवटाकडे, मी न विचारताच, “शिकवलं असं कुणी नाही, देवळात भजनाला बसून ऐकत आलो.” जोडली तर दुसऱ्याची धार जाते, वेगळी ठेवली तर विसंगती वाटते. दुसऱ्या उत्तराआधी मी नंतर रचलेला प्रश्न घातला तर चालेल? की आधी त्यांना मसुदा वाचून दाखवू? संपादन केलेल्यांनी कृपया सांगा.