मदत हवी आहे: टूलबॉक्स टॉकमध्ये सेफ्टी ऑफिसरची ओळख कशी करून द्यावी?

नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. सोमवारी पहिल्या शिफ्टच्या टूलबॉक्स टॉकमध्ये नव्या सेफ्टी ऑफिसर मॅडमची ओळख करून द्यायची आहे. पदव्या वाचल्या की कामगारांचं लक्ष उडतं, म्हणून एवढंच लिहिलंय:

"या आपल्या सेफ्टी ऑफिसर. डाय बदलताना मेन स्विच बंद करून आपलं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा. लाइट कर्टन चालत नसेल तर प्रेस थांबवा, यांना बोलवा. हात थोडक्यात वाचला तरी सांगा, तुमचं नाव लिहिणार नाहीत."

शेवटचं मॅडमना विचारूनच घातलंय. पण टार्गेटच्या धाकाने कंत्राटी मुलं प्रेस थांबवतच नाहीत. "थांबवलं तर कोणी बोलणार नाही" हे मी सांगू, की प्रॉडक्शन मॅनेजरांनाच तिथे उभं राहून सांगायला लावू? तुमच्याकडे कसं करतात?