पाहुण्यांना नमस्कार : तुमची मुलं आपणहून कधी करू लागली?

परळकरीण
लेक साडेतीन वर्षांची. आमच्या वन आरकेत दार उघडलं की पाहुणा थेट तिच्या अंगावरच. "काकांना नमस्कार कर" म्हटलं की माझ्या ओढणीत तोंड खुपसते. दीड दिवसाच्या गणपतीत एकालाही हात जोडले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "वळण नाही लावलं." तुमचे अनुभव लिहा.

नाना_गिरगाव
आमच्या चाळीत दारं उघडीच, माणसं दिवसभर आतबाहेर. शिकवावं लागलंच नाही. नातवाला मात्र नमस्कारामागे एक चॉकलेट कबूल केलं. आठवडाभर छान चाललं. मग त्याने मीटर बघायला आलेल्या माणसालाही नमस्कार ठोकला आणि माझ्यापुढे हात पसरला!

बालवाडीताई
परळकरीण, वीस वर्षं बालवाडीत काढली, म्हणून सांगते. दारात शिकवू नका. नवा चेहरा, मोठा आवाज आणि सगळे आपल्याकडेच बघतायत, एवढं एकदम आल्यावर पोर गोठतं. शिकवणी आधी, भातुकलीत. बाहुली पाहुणी, एकदा लेक यजमान, एकदा तुम्ही. खरा पाहुणा यायच्या आधी त्याचा फोटो दाखवा, "हा बाबांचा मित्र, खूप मोठ्याने हसतो" असं सांगून ठेवा. दारात नमस्कार तुम्ही करा आणि तिच्याकडे वळून बघू नका.

मग तिला काम द्या. माझा भाचा असाच होता. संक्रांतीला त्याच्या हातात तिळगुळाची वाटी दिली, बोलायचं काहीच सांगितलं नाही. पहिल्या दोघींपुढे नुसती वाटी धरली. तिसऱ्या आजी वाकून म्हणाल्या, "मला काय म्हणणार?" तेव्हा पुटपुटला, "गोड बोला." पुढच्या बाईला आपणहून पूर्ण म्हणाला. हातात वस्तू असली की नजर वस्तूवर राहते, भीड कमी होते.

जबरदस्तीचं आहे का, ते ओळखता येतं. हात जोडताना मूल पाहुण्याकडे न बघता आईकडे बघतं. आणि तिच्यादेखत "लाजाळू आहे हो" म्हणू नका, ते नाव तिला चिकटतं.

बोरिवलीचा_बाबा
आमचा उलटा त्रास. मुलगा नमस्कार करतो, पण पाहुणेच गाल ओढतात, पापी मागतात. आता तो बेल वाजली की बाथरूममध्ये. पाहुण्यांना कोण शिकवणार?

बालवाडीताई
हसत मध्ये पडा. "आमच्याकडे टाळी चालते" म्हणा आणि त्याचा हात पुढे करा.

नाना_गिरगाव
टाळी ठीक आहे. पण मोठ्यांच्या पाया पडायलाच हवं.

बोरिवलीचा_बाबा
नाना, अनोळखी माणसाच्याही?

परळकरीण
काल नणंद आली. वाटीत शेंगदाण्याचे लाडू दिले होते. लेकीने वाटी पुढे केली, नमस्कार नाहीच. नणंद जिन्यात पोचल्यावर गॅलरीतून ओरडली, "आत्या, नमस्कार!" सासूबाई म्हणतात, हा धरायचा नाही.